ढालकिडा की पानं खाणारा भुंगेरा? जवळून काढलेल्या फोटोवरून ओळखताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाल-नारिंगी, गोल, पाठीवर काळे ठिपके. एवढं दिसलं की तो मावा खाणारा ढालकिडाच ना?

नाही, आणि बहुतेक चुका इथेच होतात. ढालकिड्यांच्या कुळात जगभरात सुमारे ६,००० जाती आहेत. त्यातल्या बहुतेक मावा, खवले कीड, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी यांच्यावर जगतात. पण याच कुळाची एक मोठी शाखा शाकाहारी आहे. तिला एपिलॅक्ना गट म्हणतात. वांगं, बटाटा, टोमॅटो आणि वेलवर्गीय भाज्यांवर दिसणारा हड्डा भुंगेरा याच शाखेतला. म्हणजे तो ढालकिड्यासारखा दिसणारा कुणी परका नाही, ढालकिड्यांचाच चुलत भाऊ आहे. घुमटासारखी पाठ, आखूड मिशा, छातीखाली दडणारे पाय हे सगळं दोघांचं सारखं, आणि मापही जवळपास सारखंच, सहा-सात मिलिमीटर. त्यामुळे नुसता आकार बघून ठरवायला गेलं की फसायला होतं.

दुसरा गट पानभुंगेऱ्यांचा. ते वेगळ्या कुळातले, त्यांचं साम्य वरवरचं असतं आणि चांगल्या फोटोत ते लवकर उघडे पडतात. म्हणून खाली जास्त जागा हड्ड्याला दिली आहे. खरी गाठ त्याच्याशीच पडते.

ठिपके मोजून ठरवता येत नाही का?

थोडी मदत होते, पण निकाल ठिपक्यांवर देऊ नये. सात ठिपक्यांचा ढालकिडा, कॉक्सिनेला सेप्टेमपंक्टाटा, नावाला जागतो. प्रत्येक पंखावर तीन ठिपके, आणि सातवा मानेजवळ दोन्ही पंखांच्या जोडावर अर्धा-अर्धा वाटलेला. हड्ड्याच्या एका जातीच्या नावात, हेनोसेपिलॅक्ना व्हिजिंटिऑक्टोपंक्टाटा, अठ्ठावीस हा आकडाच आहे. प्रत्येक पंखावर चौदा.

पण त्याच हड्ड्याच्या काही भुंगेऱ्यांवर बारा-चौदाच ठिपके उमटलेले असतात. उलट हार्मोनिया अ‍ॅक्सिरिडिस हा पक्का शिकारी ढालकिडा. त्याच्यावर एकही ठिपका नसतो किंवा एकोणीसपर्यंत असतात, आणि कधी तो चक्क काळा असून त्यावर लाल डाग असतात. चेइलोमेनेस सेक्समॅक्युलाटाच्या पाठीवर तर ठिपक्यांऐवजी नागमोडी काळ्या रेघा दिसतात. तेव्हा ठिपके खूप आणि बारीक असतील तर संशय घ्या, आणि पुढच्या खुणा तपासा.

मग फोटोत सगळ्यात आधी काय बघायचं?

पाठीवरची चमक. माझ्या अनुभवात इतकी उपयोगी दुसरी खूण नाही.

सात ठिपक्यांच्या ढालकिड्याची पाठ घोटून पॉलिश केल्यासारखी असते. त्यावर उजेड पडला की पांढरा डाग उमटतो आणि त्या डागाला स्पष्ट कड असते. फोटो मोठा करून बघा: खिडकीजवळ काढला असेल तर त्या डागात खिडकीची चौकट दिसते, उघड्यावर काढला असेल तर आभाळाचा तुकडा आणि कधी फोटो काढणाऱ्याच्या डोक्याची सावली.

हड्ड्याच्या पाठीवर आखूड, फिकट लव असते, मखमलीसारखी दाट. त्यामुळे उजेड एका जागी परतत नाही, पसरतो. पाठ निस्तेज दिसते, विटकरी किंवा तांबूस तपकिरी, आणि चमक असलीच तर कड नसलेली, धुरकट. ही लव बघायची जागा पाठीचा मध्य नव्हे, पाठीची कड. भुंगेरा गडद पार्श्वभूमीसमोर असेल आणि उजेड मागून किंवा बाजूने येत असेल, तर त्याच्या सगळ्या बाह्यरेषेवर बारीक सोनेरी झालर उभी राहते. ती दिसली आणि भुंगेरा सहा-सात मिलिमीटरचा, तांबूस, ठिपक्यांचा असेल, तर तो एपिलॅक्ना गटातला असण्याची शक्यता फार मोठी.

माझ्या फोटोत लव दिसत नाही. म्हणजे तो मित्रकीटकच?

असं लगेच म्हणू नका. लव फोटोत हरवण्याची तीन कारणं नेहमी आढळतात. पहिलं, फोनचा फ्लॅश. अगदी समोरून प्रखर उजेड पडला की लव सपाट होते आणि निस्तेज पाठही चमकदार भासते. दुसरं, फोन स्वतःच फोटो गुळगुळीत करतो. कमी उजेडात दाणेदारपणा घालवताना तो बारीक केसही पुसून टाकतो. तिसरं, फोकस. इतक्या जवळून काढताना जेमतेम एखाद्या मिलिमीटरचा थर स्पष्ट येतो. घुमटाचा माथा स्पष्ट आला तर कडा धूसर होतात, आणि लव तर कडेलाच बघायची असते.

उपाय साधा आहे. फ्लॅश बंद करा, सकाळच्या कोवळ्या उन्हात बाजूने फोटो घ्या, आणि स्क्रीनवर बोट भुंगेऱ्याच्या माथ्यावर न टेकवता पंखाच्या खालच्या कडेवर टेकवा. फोन अगदी चिकटवू नका, त्याची सावली पडते. थोडं मागे राहून काढा आणि नंतर कापून मोठा करा.

उलट चूकही होते. दवाने किंवा परागकणांनी माखलेला ढालकिडा निस्तेज दिसतो. मोठा करून बघितलं की परागकण सुटे पिवळे दाणे म्हणून ओळखू येतात. लव मात्र एकसारखी, एकाच दिशेला झुकलेली असते.

चमकीनंतरची दुसरी भरवशाची खूण कोणती?

डोकं आणि पंख यांच्यामधला आडवा पट्टा. त्याला मी इथे मानपट्टी म्हणते. मावा खाणाऱ्या नेहमीच्या ढालकिड्यांची मानपट्टी पंखांपेक्षा वेगळ्या रंगाची असते. सात ठिपक्यांच्या ढालकिड्यात ती काळी, आणि पुढच्या दोन्ही कोपऱ्यांवर पांढरे चौकोनी डाग. नवख्या माणसाला हे डाग डोळेच वाटतात. खरे डोळे त्याच्या पुढे, डोक्यावर असतात. इतर जातींत मानपट्टी पांढरी किंवा पिवळसर आणि त्यावर काळी नक्षी.

हड्ड्याची मानपट्टी पंखांच्याच रंगाची. तांबूस अंगाला तांबूस मान, फार तर त्यावर एखाद-दोन काळे ठिपके. वरून बघितलं तर सगळा भुंगेरा एकाच कापडातून बेतल्यासारखा दिसतो. धूसर फोटोतही ही खूण टिकते, म्हणून लव दिसत नसेल तेव्हा मी इकडे वळते.

भुंगेऱ्याऐवजी पानाचा फोटो मागता, तो का?

कारण भुंगेरा उडून जातो, पण त्याच्या जेवणाची खूण पानावर राहते. हड्डा आणि त्याची अळी पान कुरतडत कडेपासून आत जात नाहीत. ती शिरांमधला हिरवा गर खरवडतात आणि पलीकडचा पातळ पापुद्रा तसाच ठेवतात. त्यामुळे पानावर अर्धपारदर्शक खिडक्या तयार होतात. त्या मोठ्या करून बघा: आत समांतर, बारीक, किंचित वळलेल्या रेघा दिसतील, कंगवा फिरवल्यासारख्या. दोन-चार दिवसांत या खिडक्या तपकिरी पडतात, वाळून गळतात आणि पानाची जाळी होते.

अळ्या बहुधा पानाखाली असतात, म्हणून पान उलटं करून काढलेला फोटो मी आवर्जून मागते. मावा खाणारा ढालकिडा पानावर असा एकही ओरखडा काढत नाही. त्याच्या आसपास सापडतात ती माव्याची पांढरी रिकामी कातडी, चिकट गोड स्राव, मुंग्या आणि अर्धवट खाल्लेला मावा.

एखादं उदाहरण घेऊन सांगाल का?

एका ओळखीच्या बाईंनी वांग्याच्या झाडावरचा फोटो पाठवला होता. सोबत लिहिलं होतं, "मावा आला होता, पण आता ढालकिडे आलेत, फवारणी थांबवली." फोटो वरून काढलेला, फ्लॅशसह. पानावर माव्याची वसाहत खरोखरच होती आणि तिच्यापासून बोटभर अंतरावर एक ठिपकेदार भुंगेरा. पाठीवर पांढरा चमकदार डागही होता. पहिल्या नजरेत मलाही तो मित्र वाटला.

मग मोठा करून बघितला. चमकेच्या डागाला कड नव्हती. तो मध्ये पांढरा आणि बाजूंना विरत गेलेला होता. फ्लॅशमुळे असं होतं. एका पंखावर अकरा ठिपके मोजता आले, बाकी पलीकडच्या उतारावर होते. मानपट्टी विटकरी, कोपऱ्यांवर पांढरं काहीही नाही. तीन खुणा एकाच बाजूला झुकत होत्या, तरी माव्याशेजारी बसलेल्या भुंगेऱ्याला शत्रू म्हणायला मन धजेना. म्हणून मी दोन फोटो आणखी मागितले: एक बाजूने, फ्लॅशशिवाय, दुसरा त्याच पानाच्या खालच्या बाजूचा.

बाजूच्या फोटोत पंखाच्या कडेवर लव लख्ख दिसली. खालच्या फोटोत समांतर रेघांच्या सहा-सात खिडक्या आणि दोन पिवळ्या काटेरी अळ्या. प्रश्न मिटला. मावा आणि हड्डा एकाच पानावर योगायोगाने एकत्र आले होते, आणि माव्याला कुणीच खात नव्हतं. बाईंनी हड्ड्याचे भुंगेरे आणि अळ्या हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या. शेजारच्या झाडावर मात्र खरा सात ठिपक्यांचा ढालकिडा निघाला, म्हणून फवारणी थांबवलेलीच राहू दिली. माव्याजवळ बसलेला म्हणजे मावा खाणारा, हा निष्कर्ष त्या दिवसापासून मी फोटोवरून कधीच काढत नाही.

अळ्यांमध्ये फरक कसा करायचा?

भुंगेऱ्यांपेक्षा अळ्या ओळखणं सोपं आहे, आणि मित्रकीटक मारले जातात ते जास्त करून अळीच्या रूपातच.

मावा खाणारी अळी छोट्या मगरीसारखी: लांबट, राखाडी किंवा काळसर, अंगावर नारिंगी-पिवळे डाग, शेपटीकडे निमुळती, सहा लांब पाय पुढच्या भागाला. ती सारखी फिरते, म्हणून तिचे फोटो हलतात. हड्ड्याची अळी पिवळी, मधोमध फुगीर, सुस्त. तिच्या पाठीवर काटे असतात आणि ते फांद्या फुटल्यासारखे, टोकाला काळे.

एक अडचण इथे आहे. किलोकोरस नावाचे ढालकिडे खवले कीड खातात, आणि त्यांच्या अळ्याही काटेरी असतात. पण त्या गडद रंगाच्या, आणि फांदीवर किंवा खोडावर खवल्यांच्या मध्ये सापडतात. पिवळी काटेरी अळी खरवडलेल्या पानाखाली, गडद काटेरी अळी खवल्यांनी भरलेल्या फांदीवर: जागा बघितली की गोंधळ उरत नाही.

पानाला चिकटलेल्या, न हलणाऱ्या नारिंगी गाठी म्हणजे काय? काढून टाकू का?

थांबा. तो बहुधा ढालकिड्याचा कोष असतो. नारिंगी, त्यावर काळे ठिपके, शेपटीच्या टोकाने पानाला घट्ट चिकटलेला. डिवचला तर पुढचा भाग झटक्यात उभा होतो. सुरुवातीच्या काळात मी असेच आठ-दहा कोष कसल्याशा किडीची अंडी समजून चिरडले होते. त्याच झाडावर पुढे मावा शेंड्यापर्यंत चढला, आणि त्याची बोच अजून आहे. हड्ड्याचा कोष फिकट पिवळसर, केसाळ, आणि त्याच्या बुडाशी अळीची काटेरी कात गोळा झालेली दिसते. फोटो काढताना बूड फोकसमध्ये घ्या.

अंड्यांवरून मात्र निवाडा करू नये. दोघांचीही अंडी पिवळी, लांबट, उभी आणि पुंजक्यात असतात. त्या पानावर खूण करून ठेवा आणि अळ्या बाहेर पडल्या की बघा.

एकही ठिपका नसलेला, फिकट पिवळा भुंगेरा दिसला. हा कोण?

जवळपास रिकामा कोष आहे का बघा. कोषातून नुकताच निघालेला ढालकिडा मऊ, फिकट पिवळा आणि बिनठिपक्यांचा असतो. काही तासांत ठिपके उमटतात, लाल रंग चढायला त्याहून जास्त वेळ लागतो. थोड्या वेळाने त्याच जागी दुसरा फोटो घेतला की उलगडा होतो.

दुसरी शक्यता इलेइस गटाची. हे ढालकिडे लख्ख पिवळे, मानपट्टी पांढरट आणि तिच्यावर दोन काळे ठिपके. पानावर भुरी रोगाची पांढरी पावडर असेल तर ते बहुधा तेच, कारण ते ती बुरशीच खातात. ते पान खात नाहीत आणि मावाही खात नाहीत. त्यांना राहू द्या.

पानभुंगेरे फोटोत कसे वेगळे काढायचे?

मिशा बघा. ढालकिड्याच्या मिशा इतक्या आखूड की बऱ्याच फोटोंत दिसतच नाहीत. दिसल्या तर टोकाला छोटी गाठ असते. पानभुंगेऱ्याच्या मिशा दोऱ्यासारख्या, सहसा अंगाच्या निम्म्यापर्यंत पोचणाऱ्या आणि पुढे ताणलेल्या. काकडी-भोपळ्यावरचा लाल भुंगेरा हे सोपं उदाहरण: नारिंगी, बिनठिपक्यांचा, लांबट, मान पंखांपेक्षा स्पष्ट अरुंद, आणि पोटाकडून काळा.

मिशा लपल्या असतील आणि पाय स्पष्ट आले असतील तर पावलाचे सांधे मोजा. ढालकिड्याचे तीन दिसतात, पानभुंगेऱ्याचे चार. खरे प्रत्येकी एक जास्त असतात, पण तो जास्तीचा सांधा इतका बारीक आणि दडलेला की भिंगाखालीच सापडावा.

कासव भुंगेरे हे पानभुंगेऱ्यांपैकीच, आणि त्यांच्यातले काही नारिंगी व काळ्या ठिपक्यांचे असल्यामुळे फार फसवतात. त्यांच्या पाठीभोवती काचेसारखी पारदर्शक झालर असते आणि डोकं तिच्याखाली पूर्ण झाकलेलं. झालरीतून पानाचा हिरवा रंग दिसला की पुढे काही तपासायची गरज नाही.

पान खाणारा प्रत्येक भुंगेरा मारायचा असतो असंही नाही. गाजर गवतावरचा मळकट पांढरा, तपकिरी रेघांचा भुंगेरा, झायगोग्रामा बायकोलोराटा, पानभुंगेराच आहे. मूळचा मेक्सिकोचा हा भुंगेरा गाजर गवत खावं म्हणूनच मुद्दाम सोडला गेला.

लव असलेला प्रत्येक ढालकिडा शाकाहारी असतो का?

नाही, आणि हा अपवाद नीट लक्षात ठेवावा. क्रिप्टोलेमस हा पिठ्या ढेकणाचा नामांकित शिकारी अंगभर लवेचा आहे. रोडोलिया कार्डिनॅलिसचंही तसंच. हा ढालकिडा १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात नेला आणि त्याने तिथल्या संत्र्या-लिंबांच्या बागा कापसी खवले किडीपासून वाचवल्या. पण हे दोघेही लहान, तीन-चार मिलिमीटरचे. क्रिप्टोलेमसचे पंख काळपट आणि डोकं-मान नारिंगी. रोडोलिया लाल-काळा आणि खवल्यांच्या पांढऱ्या कापसाजवळ. क्रिप्टोलेमसच्या अळ्या तर पांढऱ्या मेणाच्या झुपक्यांनी झाकलेल्या असतात आणि पिठ्या ढेकूण समजून मारल्या जातात.

म्हणून फोटोत मापासाठी काहीतरी असू द्या. पानाशेजारी धरलेली पट्टी उत्तम, नाहीतर बोटाचं नख चालेल.

हात लावल्यावर पिवळा थेंब सोडला. ही कसली खूण?

दोघंही सोडतात. गुडघ्याच्या सांध्यातून येणारं ते कडवट रक्त आहे. त्यावरून काहीही ठरत नाही.

एवढं करूनही ठरलं नाही तर?

मग त्यालाच विचारा. हवेसाठी भोकं असलेल्या पारदर्शक डबीत तो एक भुंगेरा ठेवा. ज्या झाडावर सापडला त्याचं एक कोवळं, निरोगी पान आत टाका. देठाला ओला कापूस गुंडाळा, म्हणजे पान सुकणार नाही. पान टाकण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, नाहीतर जुने ओरखडे नवे वाटतात. दुसऱ्या बाजूला मावा असलेला एक छोटा शेंडा ठेवा आणि मावा साधारण मोजून घ्या. डबी रात्रभर सावलीत राहू द्या.

सकाळी आधी मावा मोजा, मग पान उजेडासमोर धरून बघा. मावा घटला आणि पान अखंड असेल तर भुंगेरा पुन्हा त्याच झाडावर सोडा. पानातून समांतर रेघांच्या खिडक्या उजळल्या असतील तर झाडाची बाकीची पानंही उलटून बघा, कारण हड्डा सहसा एकटा नसतो.